पत्रलेखन : निवृत्त होणाऱ्या शिक्षकांस कृतज्ञतापत्र

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण अनौपचारिक पत्राचा मायना आणि मांडणी पाहिली. या घटकात एका विशिष्ट पत्राचा विचार करावयाचा आहे : शाळेच्या निरोप समारंभात विद्यार्थ्याने निवृत्त होणाऱ्या शिक्षकांना लिहिलेले आणि बहुधा तेथेच वाचून दाखवलेले पत्र. हे पत्र लिहिले जाते एका व्यक्तीला, पण ऐकते सारी सभा. त्यातील बहुतेक भाषिक अडचणी या दुहेरीपणातून उद्भवतात.

प्रथम प्रसंग नीट समजून घेऊ. महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षक वयाच्या 58 व्या वर्षी, जन्ममहिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतात. जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल, तर निवृत्ती आधीच्या महिन्याच्या अखेरीस येते. एका पिढीतील असंख्य मुलांची जन्मतारीख शाळेत घालताना 1 जून अशी नोंदली गेली. त्यामुळे अनेक शिक्षकांची निवृत्ती 31 मे रोजी येते. त्या वेळी जळगाव-धुळ्याकडे कडक ऊन आणि शाळांना सुटी असते. म्हणून समारंभ बहुधा सुटीपूर्वीच, एप्रिलमध्ये उरकला जातो. अशा वेळी पत्रात ‘आपण निवृत्त झालात’ असे लिहिणे चूक ठरते. शिक्षक अजून सेवेत असतात; तेथे ‘होत आहात’ हेच रूप हवे.

आता एक मसुदा पाहा. तो या पाठासाठी रचलेला आहे, परंतु अशी पत्रे आपण ऐकली असतील.

“आदरणीय सर, आपण आमच्या जीवनाचे शिल्पकार आहात. सरांनी आम्हाला नेहमीच मोलाचे मार्गदर्शन केले. आपण शाळेची प्रयोगशाळा उभी केली. तुमचे उपकार आम्ही कधीही विसरणार नाही. मी सर्वांच्या वतीने सरांचे मनःपूर्वक आभार मानते.”

पाच वाक्यांत संबोधन चार वेळा बदलले आहे : आपण, सर, आपण, तुमचे, पुन्हा सर. लिहिणारी विद्यार्थिनी शिक्षकांकडे पाहून बोलू लागते आणि दुसऱ्याच वाक्यात सभेकडे वळते. ‘सरांनी मार्गदर्शन केले’ हे तृतीयपुरुषी वाक्य भाषणाचे आहे, पत्राचे नव्हे.

तिसरे वाक्य अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे. मराठीत ‘आपण’ हे सर्वनाम आदरार्थी ‘तुम्ही’ म्हणूनही येते आणि ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आम्ही’ म्हणूनही येते. क्रियापद अकर्मक असेल तर गोंधळ होत नाही : ‘आपण आलो’ आणि ‘आपण आलात’ ही रूपे उघडच वेगळी आहेत. परंतु सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे चालते. ‘प्रयोगशाळा’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘उभी केली’. कर्ता कोण याचा त्या रूपात मागमूस नाही. सभेत हे वाक्य ऐकणाऱ्याला प्रयोगशाळा सरांनी उभी केली की आपण सगळ्यांनी, हे कळत नाही. श्रेय ज्यांना द्यायचे त्यांनाच ते पोहोचत नाही!

यावर उपाय एका अक्षराचा आहे. ‘आपण प्रयोगशाळा उभी केलीत’ असे म्हणताच संदिग्धता संपते. हा शेवटचा ‘त’ द्वितीयपुरुषी कर्त्याची खूण आहे. क्रियापद कर्माचे लिंगवचन पाळते आणि त्याच वेळी ‘हे तुम्ही केलेत’ असेही सांगते. वही दिलीत, वेळ दिलात, पुस्तक दिलेत. ‘तुम्ही’ असताना हा ‘त’ गाळला तरी अर्थ बिघडत नाही; ‘आपण’ असताना मात्र तो गाळू नये. ‘तुम्ही’ की ‘आपण’ याची निवड आपली; ‘तुम्ही’ लिहिल्याने आदर कमी होतो असे मी मानत नाही. एकदा निवडलेले सर्वनाम शेवटपर्यंत टिकले पाहिजे, एवढेच.

मसुद्यातील दुसरा दोष आशयाचा आहे. ‘जीवनाचे शिल्पकार’, ‘मोलाचे मार्गदर्शन’ हे शब्द कोणत्याही शिक्षकांना चालतात. ते मानपत्राचे शब्द आहेत. मानपत्र संस्था देते. त्यात विशेषणे शोभतात. कृतज्ञतापत्र ही एका व्यक्तीची साक्ष असते आणि साक्षीत घडलेली गोष्ट लागते. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. पुढे नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. त्या काळातील त्यांच्याविषयी आजही खानदेशात सांगितले जाते ते वसतिगृहातील मुलांची त्यांनी केलेली कामे आणि आजारपणातील शुश्रूषा. लोकांच्या स्मरणात क्रियापदे राहिली आहेत.

आता तीच विद्यार्थिनी, आता माजी विद्यार्थिनी झालेली, पुढीलप्रमाणे लिहू शकेल :

धुळे, दि. 27 एप्रिल

गुरुवर्य सरांस,
सादर प्रणाम.

नववीच्या वर्षी दिवाळीनंतर मी पंधरा दिवस शाळेत आले नव्हते. घरी कापसाची वेचणी चालू होती. परत आले तेव्हा फळ्यावर दोन चलांची समीकरणे होती आणि मला त्यांतले काहीच उमगत नव्हते. शाळा सुटल्यावर आमच्या गावची एसटी यायला अर्धा तास असे. तो अर्धा तास तुम्ही मला आठ दिवस दिलात. पहिल्या दिवशी मी बोलेचना, तेव्हा तुम्ही विचारलेत, “काय समजनं नही तुले?” मी अहिराणीतच उत्तर दिले. माझी शंका शाळेत मला प्रथमच पूर्ण सांगता आली.

आज मी जळगावला एका पतपेढीत हिशेब लिहिते. आलेले उत्तर पुन्हा समीकरणात घालून पाहण्याची सवय तुम्ही लावलीत; ती अजून आहे. 31 मे रोजी तुम्ही निवृत्त होत आहात. त्या आठ दिवसांचे ऋण माझ्याकडेच राहू द्यावे.

तुमची विद्यार्थिनी

येथे ‘आम्ही’च्या जागी ‘मी’ आला आहे. ‘दिलात, विचारलेत, लावलीत’ या रूपांमुळे पत्र एकदाही सभेकडे वळत नाही. तरीही सभेला सारे कळते, कारण प्रसंग पुरेशा तपशिलाने सांगितला आहे. अहिराणी वाक्याचे ‘तुला काय समजले नाही?’ असे प्रमाणीकरण करू नये. वर्गाच्या भाषेतून मुलीच्या भाषेत सर उतरले, हेच तर ती सांगत आहे. मात्र अवतरणाबाहेर ‘सर मले शिकवून राहिले होते’ अशी रचना आली, तर ती बोलीची नकळत आलेली छाया समजावी आणि औपचारिक पत्रात ‘सर मला शिकवत होते’ असे लिहावे.

‘आभार’ हा शब्द या पत्रात नाही. समारंभाच्या शेवटी आभारप्रदर्शन झाले की देणे-घेणे मिटते. मंडप, ध्वनिक्षेपक, चहापान यांचेही आभार त्याच दमात मानले जातात. ‘उपकार’ म्हटले की घेणारा उगाच दीन होतो. ‘ऋण’ शिल्लक राहते, आणि मराठीत ते शिल्लक ठेवण्याची इच्छा व्यक्त करता येते.

स्वयं-अध्ययनासाठी : 1) ‘आपण ग्रंथालयाला शंभर पुस्तके मिळवून दिली. आपण मुलांना पोहायला शिकवले. आपण दरवर्षी सहल काढली.’ या वाक्यांतील संदिग्धता दाखवा आणि ती दूर करून पुन्हा लिहा. 2) आपल्या एका शिक्षकांनी केलेली एकच गोष्ट निवडून सुमारे 150 शब्दांचे पत्र लिहा. ते एखाद्या सहाध्यायीस वाचून दाखवा आणि शिक्षकांचे नाव काढल्यास ते दुसऱ्या कोणाला चालेल का, हे त्याला विचारा.