निरोपाच्या वेळचा कटू शब्द आणि त्याची भरपाई

आमच्या मक्तबमध्ये अकरा वर्षे शिकवणारे एक हाफिजसाहेब गेल्या वर्षी गावी परतले. दीनियात मुलांना उर्दूतून शिकवावे, असे त्यांचे मत होते; मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांना ते मराठीतून शिकवावे, असे माझे. निरोपाच्या बैठकीत हाच विषय निघाला आणि मी जमातच्या सात-आठ माणसांसमोर म्हणालो, "तुमच्यामुळेच मुले मक्तब सोडतात." ते काही न बोलता उठले. वाचकहो, अशा वेळी मत सोडायचे नसते, पण शब्द मात्र परत घ्यायचा असतो. तो कसा घ्यावा, हे या लेखात पाहू.

सहीह बुखारीत एक प्रसंग आला आहे. हजरत अबू बकर (रजि.) आणि हजरत उमर (रजि.) यांच्यात वाद झाला. अबू बकर (रजि.) यांच्या तोंडून कठोर शब्द गेला. त्यांना पश्चात्ताप झाला, त्यांनी क्षमा मागितली, उमर (रजि.) यांनी ती दिली नाही. तेव्हा ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले आणि आपणच घाई केली, हे त्यांनी आधी सांगितले. पुढे उमर (रजि.) यांनाही खंत वाटली. ते आधी अबू बकर (रजि.) यांच्या घरी आणि नंतर प्रेषितांच्या (स.) सेवेत आले. प्रेषितांच्या (स.) चेहऱ्यावर नाराजी दिसताच अबू बकर (रजि.) गुडघ्यांवर बसले आणि अधिक चूक माझीच होती, असे दोनदा म्हणाले. वाद कशावरून झाला होता, हे या हदीसमध्ये सांगितलेलेच नाही. खंत व्यक्त करताना अबू बकर (रजि.) वादाच्या विषयाकडे वळले नाहीत, ते केवळ स्वतःच्या कृतीविषयी बोलले.

आता आपली भाषा तपासू. त्या रात्री मी पहिला मजकूर लिहिला तो असा: "बैठकीत काही कठोर शब्द बोलले गेले. आपले मन दुखावले असेल तर क्षमस्व. पण मुलांचे हितही पाहायला हवे." या तीन वाक्यांत तीन पळवाटा आहेत. 'बोलले गेले' या कर्मणी रचनेत बोलणारा नाहीसा होतो. 'असेल तर' म्हणताच समोरच्याच्या दुःखाविषयी शंका घेतली जाते. आणि 'पण' येताच क्षमा संपून वाद पुन्हा सुरू होतो. मी तो मजकूर पाठवला नाही.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर पाठवला तो हा: "हाफिजसाहेब, तुमच्यामुळे मुले मक्तब सोडतात, असे मी सर्वांसमोर म्हणालो. ते खरे नव्हते. मला त्याची लाज वाटते. मला क्षमा करा. ज्यांच्यासमोर बोललो, त्यांच्यासमोरच मी ते शब्द परत घेईन. शिकवण्याच्या भाषेविषयी आपले एकमत झाले नाही, ते तसेच राहो. अकरा वर्षे तुम्ही मुलांचे उच्चार घडवलेत, हे मी विसरणार नाही."

येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी नेमकी कृती, तीही 'मी' या कर्त्यासह, मग क्षमायाचना, मग भरपाई. मतभेदाचा उल्लेख एकाच वाक्यात, युक्तिवादाविना. कृतज्ञता शेवटी आणि नेमक्या गोष्टीसाठी. ती आरंभी आली असती, तर तोंडदेखली स्तुती वाटली असती.

भरपाईचा मुद्दा विद्वानांनी तौबाच्या अटींत सांगितला आहे. पाप सोडणे, खंत वाटणे आणि ते पुन्हा न करण्याचा निश्चय, या तीन अटी अल्लाहच्या हक्काविषयी आहेत. माणसाचा हक्क बुडवला असेल, तर तो परत करणे ही चौथी अट. चारचौघांत घालवलेली अब्रू खासगी चिठ्ठीने परत येत नाही. म्हणून जुम्याच्या नमाजनंतर मी त्याच माणसांना थांबवून माझे वाक्य चुकीचे होते, असे सांगितले. येथेच शब्दांची मर्यादाही कळते. जाणाऱ्याचे वेतन थकले असेल, तर मृदू शब्दांनी काम भागत नाही. वेतन आधी द्यावे.

वेळेचे बंधनही आहे. भावाशी तीन दिवसांपेक्षा अधिक अबोला धरणे हदीसने निषिद्ध ठरवले आहे आणि जो आधी सलाम करतो, त्याला श्रेष्ठ म्हटले आहे. गाव सुटले की भेट टळते आणि अबोला अंगवळणी पडतो. म्हणून पहिले तीन दिवस दवडू नयेत.

उत्तराचा तगादा मात्र लावू नये. अबू बकर (रजि.) यांनाही पहिल्यांदा नकारच मिळाला होता. "माफ केले ना?" असे वारंवार विचारणे म्हणजे दुखावलेल्या माणसावर आपले समाधान करण्याचे ओझे टाकणे. हाफिजसाहेबांचे उत्तर नवव्या दिवशी आले. सलाम होता, आणि खाली एकच ओळ: "मुलांच्या मखारिजकडे लक्ष ठेवा." भाषेविषयी ते आजही माझ्याशी सहमत नाहीत. ईदला मात्र पहिला फोन त्यांचाच आला.