बारावी संख्या, वजा किती?

प्रश्न : मुलगा अमरावतीला शिकतो. १, १, २, ३, ५… या मालिकेतल्या पहिल्या दहा संख्यांची बेरीज तो ‘बारावी वजा एक’ करून सांगतो. पण १, २ पासून सुरुवात केली की उत्तर चुकतं. असं का? – एक पालक, अकोला

उत्तर : प्रत्येक संख्या म्हणजे तिच्या पुढच्या दोघींमधला फरक, हे आधी लक्षात घ्या. पहिली १ = २ − १, दुसरी १ = ३ − २, मग २ = ५ − ३, आणि असं करत दहावी ५५ = १४४ − ८९. या दहा ओळींची बेरीज करताना मधल्या सगळ्या संख्या एकदा अधिक, एकदा वजा येऊन कटतात. उरतात १४४ आणि वजा १, म्हणजे १४३.

हा वजा होणारा १ खरं तर मालिकेतली दुसरी संख्या आहे. मुलाची गफलत इथेच होते. १, २ ने सुरुवात केली तर बारावी संख्या २३३ येते. त्यातून २ वजा करायचे, उत्तर २३१. ३, ७ घेतले तर ७८८ − ७ = ७८१.

पडताळा हवा असेल, तर सातव्या संख्येला ११ ने गुणा: ७१ × ११ = ७८१. सुरुवात कोणतीही असो, दहा संख्यांसाठी हा ताळा जुळतोच. संख्या नऊ किंवा अकरा असतील, तर मात्र तो वापरू नका.