जुन्या साहेबांकडे परदेशी विद्यापीठासाठी शिफारसपत्र मागताना

(उदाहरण एकच घेतले आहे. समजा, तुम्ही कारंजा तालुक्यात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या, म्हणजे पोकराच्या, पहिल्या टप्प्यात कंत्राटी समूह सहायक होता आणि आता शेती व हवामानबदल या विषयात परदेशात एम. एस्सी. करायची आहे. नोकरी दुसरी असेल तर गावे आणि पदे बदला, नियम तेच.)

काय करावे

– ज्यांनी तुमचे काम डोळ्यांनी पाहिले त्यांनाच विचारा. पगार बाह्य संस्थेकडून होत असला, तरी तिच्या मनुष्यबळ विभागाला तुमचे फक्त हजेरीपत्रक माहीत असते. शेतीशाळेत येऊन बसलेले कृषी अधिकारी पदाने लहान असले तरी पत्रासाठी मोठे.

– अंतिम मुदतीच्या किमान सहा आठवडे आधी विचारा. अमेरिकेतील बऱ्याच विद्यापीठांची मुदत डिसेंबरात संपते आणि त्याच सुमारास नागपूरला हिवाळी अधिवेशन असते. तारांकित प्रश्नांची उत्तरे तयार करणाऱ्या साहेबांना तेव्हा डोके वर काढायला वेळ नसतो.

– पहिली विचारणा फोनवर किंवा समक्ष करा, कागद मागाहून पाठवा.

– नकाराला जागा ठेवून विचारा: “सर, माझ्या कामाबद्दल दोन-तीन ठोस गोष्टी लिहिता येतील असे तुम्हाला वाटते का? नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी दुसऱ्या कुणाला विचारतो.” आढेवेढे घेतले तर तो नकार समजा, नाइलाजाने लिहिलेले चार ओळींचे पत्र अर्जाला मारक ठरते.

– साहेबांची बदली कुठे झाली आहे ते आधी शोधा, आणि सध्या वापरात असलेला ई-मेल त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. पदाच्या नावाचा सरकारी ई-मेल खुर्चीबरोबर राहतो, माणसाबरोबर जात नाही; जुन्या पत्त्यावर लिंक टाकली तर ती तुम्हाला कधीही न पाहिलेल्या नव्या अधिकाऱ्याकडे जाते.

– पत्र कसे द्यायचे ते प्रत्येक अर्जासाठी वेगळे सांगा. काही विद्यापीठे साहेबांना थेट लिंक पाठवतात, तर काही ठिकाणी कागद लागतो. जर्मनीच्या डाड संस्थेची ईपॉस शिष्यवृत्ती नोकरीच्या ठिकाणचे पत्र लेटरहेड, सही, शिक्का आणि अलीकडच्या तारखेसह मागते.

– कार्यालयाचे लेटरहेड वापरता येईल का, हे साहेबांनाच ठरवू द्या. त्यांना अडचण असेल तर साध्या कागदावर नाव, तेव्हाचे पद, आताचे पद आणि फोन चालेल का, ते विद्यापीठाला ई-मेल करून विचारा.

– नाव पासपोर्टवर आहे तसेच्या तसे लिहून द्या. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि वडिलांचे नाव शेवटी असते. लग्नानंतर नाव बदलले असेल तर घोळ आणखी वाढतो, म्हणून जुने नावही कंसात कळवा.

– अमेरिकी अर्जात पत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असा प्रश्न येतो. तिथे ‘हो’ निवडा. १९७४ च्या फर्पा कायद्याने तिथे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला हा हक्क मिळतो, पण तो राखून ठेवला तर पत्र मोकळेपणाने लिहिले आहे की नाही अशी शंका वाचणाऱ्याला येऊ शकते.

– मुदत भारतीय वेळेत कळवा. न्यूयॉर्कची १५ डिसेंबरची रात्री ११:५९ म्हणजे आपली १६ डिसेंबरची सकाळी १०:२९. जर्मनीची तीच वेळ आपल्याकडे पहाटे ४:२९. साहेबांना मात्र चार दिवस आधीची तारीख द्या.

– लिंक पाठवल्याच्या दिवशीच फोन करून स्पॅम फोल्डर पाहायला सांगा. “मला काही आलेच नाही” या उत्तराचे हेच नेहमीचे कारण.

– आठवण दोनदाच करा: मुदतीच्या दोन आठवडे आधी आणि तीन दिवस आधी.

– एका पानाचे माहितीपत्र द्या. सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या. तीन वर्षांपूर्वीच्या तुमच्या गावांची नावे साहेबांच्या लक्षात असतील अशी अपेक्षा नको.

माहितीपत्रात काय असावे

– कधी, कुठे, कोणत्या पदावर: “सप्टेंबर २०२१ ते मे २०२४, कारंजा तालुका, ८ गावे, समूह सहायक.” साहेब तुमचे थेट वरिष्ठ किती महिने होते तेही लिहा, कारण अर्जात ‘किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता’ हा प्रश्न बहुधा असतोच.

– त्यांच्या देखरेखीखाली तेव्हा एकूण किती समूह सहायक होते तो आकडा. बऱ्याच विद्यापीठांच्या फॉर्मवर ‘पहिल्या ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत, २५ टक्क्यांत’ असे चौकोन असतात. एकूण संख्या डोळ्यांपुढे नसली तर साहेब अंदाजाने खूण करतात. चौकोन कोणता, हे मात्र तुम्ही सुचवायचे नाही.

– दोन प्रसंग, दोनच. “शेतकऱ्यांमध्ये जनजागृती केली” हे वाक्य कुणाच्याही पत्रात बसते, म्हणून ते काढा. त्याऐवजी असे लिहा: “पहिल्या खरिपात एका गावात रुंद वरंबा सरीवर सोयाबीन पेरायला तिघेच तयार झाले. विचारपूस केल्यावर कळले की पद्धतीवर कुणाचा राग नव्हता, गावात बीबीएफ पेरणीयंत्रच नव्हते. शेजारच्या गावातील यंत्र पेरणीपूर्वी भाड्याने ठरवले. पुढच्या खरिपात १९ जणांनी तशी पेरणी केली. ऑगस्ट २०२३ च्या शेतीशाळेला आपण आला होता तेव्हा ही शेते पाहिली होती.” शेवटचे वाक्य सर्वात महत्त्वाचे: साहेब स्वतः पाहिलेल्या गोष्टीचीच साक्ष देऊ शकतात.

– एक चूक आणि तिच्यावर केलेली दुरुस्ती. ‘सुधारणेला कुठे वाव आहे’ असा रकाना अनेक फॉर्मवर असतो. “पहिल्या वर्षी पाहणीच्या नोंदी आठवड्याने भरत होतो, आपण बोलल्यानंतर शेतातच भरू लागलो” एवढे पुरे.

– अभ्यासक्रमाचे नाव, विद्यापीठ, मुदत, पत्र देण्याची रीत, आणि तुम्हाला हाच विषय का शिकायचा आहे याच्या तीन ओळी.

– दुसरे पत्र कोण देत आहे आणि ते कशावर लिहिणार आहेत. कृषी महाविद्यालयाचे प्राध्यापक अभ्यासावर लिहिणार असतील, तर साहेबांनी गावातील कामावर लिहावे. दोन्ही पत्रांत तेच गुण आले तर एक पत्र वाया गेले.

सोबत बायोडाटा आणि उद्देशपत्राचा कच्चा मसुदा जोडा, बाकी काही नको. प्रमाणपत्रांचा गठ्ठा कोणी उघडत नाही.

काय टाळावे

– “तूच लिहून आण, मी सही करतो” याला होकार देऊ नका. साहेब हे चांगल्या मनानेच म्हणतात, पण पत्र तुमच्या उद्देशपत्राच्याच भाषेत उतरते आणि फाइलच्या गुणधर्मांत लेखक म्हणून तुमचेच नाव राहते. खोटेपणा ठरला तर प्रवेश मिळाल्यानंतरही रद्द होऊ शकतो. “सर, माझ्या हातचे पत्र चालणार नाही, मुद्दे या पानावर आहेत, शब्द तुमचे हवेत” असे सांगा.

– इंग्रजीच्या संकोचामुळे साहेब मागे हटत असतील तर त्यांना सोडून मोठ्या हुद्द्याच्या अनोळखी माणसाकडे जाऊ नका. त्यांना मराठीत लिहू द्या. प्रमाणित भाषांतरासह मूळ पत्र चालते का, हे विद्यापीठाला आधी विचारा. साध्या इंग्रजीतील दहा खरी वाक्ये तर नक्कीच चालतात.

– आमदार, जिल्हा परिषद सदस्य किंवा नात्यातील अधिकारी यांचे पत्र जोडू नका. शिफारस हा शब्द आपल्याकडे वशिल्यासाठीही वापरतात, विद्यापीठाला मात्र कामाचा साक्षीदार हवा असतो.

– अनुभव प्रमाणपत्र किंवा चारित्र्याचा दाखला शिफारसपत्र म्हणून अपलोड करू नका. ‘वर्तणूक समाधानकारक’ यावरून तुम्ही काय केले ते कळत नाही.

– साहेबांच्या नावाने नवा जीमेल उघडून लिंक स्वतःकडे घेऊ नका, त्यांनी “तूच बघ बाबा” म्हटले तरी. ही फसवणूकच आहे.

– त्यांचा पासवर्ड किंवा ओटीपी मागू नका. फॉर्म अडला तर शेजारी बसून बटण दाखवा, उत्तर भरताना बाजूला व्हा.

– माहितीपत्रात आकडे फुगवू नका. १९ चे ९० केले आणि विद्यापीठाने फोन केला, तर अडचणीत साहेब येतील.

– माहितीपत्रात विशेषणे घालू नका. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’ हे ठरवणे त्यांचे काम.

– आठ-दहा विद्यापीठांच्या लिंक एकेक करून महिनाभर पाठवत राहू नका. पाच-सहा ठिकाणे नक्की करा आणि सगळ्या लिंक एकाच आठवड्यात पाठवा, म्हणजे ते एकदाच बसून संपवतात.

– मार्चअखेरीला, पेरणीच्या धांदलीत किंवा अतिवृष्टीचे पंचनामे चालू असताना पहिला फोन करू नका.

– कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विनंती टाकू नका. चारचौघांत साहेबांना नाही म्हणता येत नाही.

– पत्र हाती पडण्याआधी मिठाई किंवा भेटवस्तू नेऊ नका, सरकारी अधिकाऱ्याकडे तर मुळीच नाही.

– पत्र वाचायला मिळावे म्हणून मागे लागू नका. स्वतःहून दाखवले तर फक्त नाव, तारखा आणि अभ्यासक्रम तपासा.

– कामावरून काढले असेल किंवा वाद होऊन बाहेर पडला असाल, तर त्याच साहेबांना गळ घालू नका. त्याच काळातील दुसरे वरिष्ठ शोधा, आणि नोकरी का सुटली असे अर्जात विचारले असेल तर खरे कारण एका ओळीत द्या.

– प्रवेश नाकारला गेला म्हणून कळवायचे टाळू नका. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केलात तर पत्र त्यांच्याकडूनच लागेल, तेव्हा जुने माहितीपत्रही जपून ठेवा.