वाढीव वीजबिलाची तक्रार : पुरावा कसा जपावा?

आज एक उदाहरण घेऊ. बिलावर मागील रीडिंग ४३१२ आणि चालू रीडिंग ४८११ छापलंय, म्हणजे ४९९ युनिट. एरवी आपला वापर महिन्याला १०० युनिटच्या आसपास असतो. मीटर बघितला तर त्यावर ४४३४! बहुधा ४४११ चं ४८११ झालं असावं.

सगळ्यात आधी मीटरचा फोटो काढा. डिजिटल मीटरवर तारीख, वेळ, युनिट असे आकडे आळीपाळीने येतात, म्हणून kWh दिसेपर्यंत थांबा. मीटर क्रमांक त्याच फोटोत आला पाहिजे, नाहीतर "हा तुमचाच मीटर कशावरून?" असं विचारतात. मूळ फोटो फोनमध्ये ठेवा, कारण व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या फोटोतून तो कधी काढला ही आतली नोंद निघून जाते.

हा फोटो इतका भक्कम का? वीज वापरताना मीटर पुढेच जातो. बिलानंतर आठवड्याने ४४३४ असेल, तर बिलाच्या दिवशी ४८११ असूच शकत नाही. पण उशीर केलात तर? जास्तीचे ४०० युनिट आपण साधारण चार महिन्यांत वापरून टाकतो. मग मीटरच ४८११ च्या पुढे जातो आणि दाखवायला काही उरत नाही!

१९१२ वर फोन केलात तर वहीत तारीख, वेळ, बोलणाऱ्याने सांगितलेलं नाव आणि त्याचं उत्तर लगेच लिहा. तक्रार क्रमांक परत वाचून दाखवा. त्याचा मेसेज आला की स्क्रीनशॉट घ्या, मूळ मेसेजही पुसू नका. कधीकधी कोणी न येताच तक्रार 'निकाली' दिसते. त्या पानाचाही स्क्रीनशॉट हवा. स्क्रीनशॉटवर वेळ दिसते, तारीख बहुतेक वेळा नसते, म्हणून ती वहीत टिपून ठेवा.

फोनवर मात्र सगळं सोपवू नका. तक्रार क्रमांक घालून लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय निघायचं नाही.

आता वीज तोडण्याची भीती. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. वाद मिटेपर्यंत मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांपैकी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली तर वीज तोडता येत नाही. ती सरासरी काढायला मागची सहा बिलं लागतात. तीही याच फाईलला लावा, आणि भरलेल्या रकमेची पावती त्यांच्या वर.