मनोगत आधी वाचून दाखव

अगं, तुझा मसुदा रात्रीच वाचला. विषय पक्का आहे. बंगळूरच्या जुन्या पेटेतल्या भावसार घरांमधल्या मराठी भजनांच्या वह्या, आणि त्याही कानडी लिपीत लिहिलेल्या! इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचं ‘प्रोजेक्ट ५६०’ बंगळूर शहराशी नातं सांगणाऱ्या कामांसाठीच आहे. ते ५६० म्हणजे आपल्या पिनकोडचे पहिले तीन आकडे. १९९५ पासून ही मंडळी अनुदानं देतायत. प्रस्ताव इंग्रजीतच हवा असंही नाही, भारतीय भाषांत लिहिता येतो. तेव्हा मराठीत सुचत असेल तर मराठीतच लिही. तरी यंदाचं निवेदन एकदा नीट वाच, नियम दरवेळी तेच असतील असं धरून चालू नकोस.

आता सोबतच्या मनोगताचं बोलू. ‘लहानपणापासून मला संगीताची आवड आहे’ हे पहिलं वाक्य काढ. वाचणाऱ्यांपुढे गठ्ठा असतो, आणि आवड सगळ्यांनाच असते. पुढचा परिच्छेद तर थेट १६३८ वर गेलाय! शहाजीराजांना बंगळूरची जहागीर, एकोजींच्या काळातला काडू मल्लेश्वराचा १६६९ चा शिलालेख. खरं आहे गं सगळं, पण त्या शिलालेखाचा तुझ्या वह्यांशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर काय सांगशील? ही घरं तेव्हाच आली की नंतर, हे तुझं तुलाच अजून शोधायचंय. मग ते ठामपणे लिहू नकोस, प्रश्न म्हणून एका ओळीत मांड.

मी सुरुवात अशी केली असती: ‘चिकपेटच्या आसपासच्या बारा भावसार घरांत मराठी भजनांच्या हस्तलिखित वह्या आहेत. शब्द मराठी, लिपी कानडी. त्या बघून गाणाऱ्या बायका आता सत्तरीपुढच्या आहेत, आणि त्यांच्या सुना-नातींना चाली येत नाहीत. या वह्यांच्या प्रती काढून, त्या बायकांकडून चाली ध्वनिमुद्रित करणं हे माझं काम.’ बघ, काय, कुठे, आत्ताच का, सगळं आलं. एकही पोकळ विशेषण लागलं नाही.

‘मीच का’ या भागात तू पदव्यांची माळ लावलीस. ती बायोडेटात आहेच. इथे हे लिही, की तुला दोन्ही लिप्या वाचता येतात, आणि तुझी आजी त्याच भजनी मंडळात होती म्हणून ती दारं तुला उघडतात. पण आजी तुझी, वह्या त्यांच्या, हे विसरू नकोस. परवानगी कशी घेणार, स्कॅन करून मूळ वही किती दिवसांत परत देणार, ध्वनिमुद्रणाची प्रत त्या घराला देणार का, हे दोन वाक्यांत यायलाच हवं. तुझ्या मसुद्यात याचा पत्ताच नाही.

आणि आता खरी गोम. मनोगतात तू साठ तासांचं ध्वनिमुद्रण सहा महिन्यांत ‘लिप्यंतरासह’ पूर्ण करणार म्हणतेस. बजेट उघडलं तर त्यात प्रवास आहे, रेकॉर्डर आहे, लिप्यंतराचा पैसा कुठेच नाही. एका तासाचं ध्वनिमुद्रण ऐकून देवनागरीत लिहून काढायला निदान पाच तास जातात. आजीबाईंचा आवाज कापरा, मागे टाळ, म्हणजे त्याहून जास्तच. साठ तासांचे तीनशे तास झाले, रोज आठ तास बसलीस तरी जवळजवळ अडतीस दिवस. नोकरी सांभाळून कधी करणार? जाणकार माणूस मनोगत आणि बजेट शेजारी ठेवून वाचतो, आणि अशी फट त्याला सगळ्यात आधी दिसते. पंधरा तास घे. वह्या सगळ्या स्कॅन कर, पण लिप्यंतर फक्त ध्वनिमुद्रित भजनांचं. मदतनिसाचं मानधन बजेटमध्ये घाल आणि मनोगतात त्याचं एक वाक्य. काम लहान दिसेल अशी भीती वाटते ना? पुरं होणारं काम लहान दिसत नाही.

शेवटी ‘ही लोप पावत चाललेली संस्कृती वाचवण्यासाठी’ असं लिहिलंयस. तुझ्या त्या बायका दर एकादशीला गातायत गं, त्यांना लोप पावलेलं कसं म्हणतेस? त्या जागी काय उरणार ते सांग: स्कॅन, पंधरा तासांचा आवाज, देवनागरी-कानडी अशी जोडपुस्तिका, आणि त्याच मोहल्ल्यात एक भजनसंध्या.

नवं मनोगत एका पानात बसव आणि आधी मला नको, त्या बारा घरांतल्या एखाद्या बाईला वाचून दाखव. तिला ‘हो, हे आमचंच’ असं वाटलं की मग बजेटसकट माझ्याकडे पाठव.