प्रकरण कुठे तोडावे?

प्रश्न: नुकत्याच स्वतः वाचू लागलेल्या मुलांसाठी छोट्या प्रकरणांचे पुस्तक लिहिते आहे. प्रकरणाचा शेवट कसा करावा?

उत्तर: हे मूल अक्षरे लावतानाच दमते, म्हणून प्रकरण पाच-सहा पानांत संपवा आणि भीतीवर नव्हे, कुतूहलावर तोडा. समजा, आजीची कवळी हरवली आहे. चिनू माठाचे झाकण उघडतो, आत वाकून बघतो आणि खुदकन हसतो, तिथेच थांबा. कवळी घातलेला बेडूक पुढच्या प्रकरणाच्या पहिल्याच वाक्यात दिसू द्या, कारण उत्तर लांबले तर मूल प्रश्नच विसरते. भीतीने पाने भराभर उलटतात, असे कुणी म्हणेल; पण एकट्याने वाचणारे मूल घाबरले की पुस्तक मिटते. विनोदही प्रसंगातून येऊ द्या. जोडाक्षरापाशी अडखळले की शाब्दिक कोटी निसटते. मसुदा एखाद्या मुलाकडून वाचून घ्या. प्रकरण संपल्यावर त्याने पान उलटले नाही, तर शेवट बदला.