पोत्यांचा क्रम बरोबर, तरी रस्सा खवट

एप्रिलमधली दुपार होती. नागपूरच्या ज्या हॉटेलात मी स्टोअर सांभाळत होतो, तिथले सावजीचे आचारी वाटणाचं भांडं घेऊन थेट माझ्या खिडकीशी आले. "भाऊ, रस्सा खवट मारून राह्यला. खोबरं पाहा तुमचं," ते म्हणाले. मी कीस चिमटीत घेऊन चोळला, वास घेतला, चिमूटभर चघळला. गोडसर चव अगोदर आली आणि मागून जिभेवर साबणासारखा कडवटपणा चढला. पोत्याचा आतला कागद तेलाने पारदर्शक झाला होता. खोबरं बिघडल्याच्या या खुणा आहेत. भाजल्यावर खमंग वासाखाली खवटपणा थोडा वेळ झाकला जातो, पण रस्सा उकळला की तो वर येतो.

सगळ्यांनी पहिला संशय घेतला तो मालाच्या क्रमावर. नवी पोती पुढे रचली असतील आणि जुनी मागे राहिली असतील, असं मुदपाकखान्यात बोललं गेलं. मी स्टॉक कार्ड आणि पोती समोरासमोर ठेवून तपासली. प्रत्येक पोत्यावर आल्याची तारीख खडूने लिहिलेली होती, आणि त्या दिवशी उघडलेलं पोतं खरोखरच सगळ्यांत जुनं होतं. फर्स्ट इन फर्स्ट आउटचा नियम तंतोतंत पाळला गेला होता. तरीही ते पोतं जवळजवळ चार आठवड्यांचं होतं, आणि पत्र्याच्या छताखालच्या त्या खोलीत ते चार आठवडे उन्हाळ्याचे होते.

कारण सापडलं खरेदी विभागाच्या भिंतीवरच्या पार लेव्हलच्या तक्त्यात. १९५३ च्या नागपूर करारानुसार राज्य विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात होतं. डिसेंबरात ते भरलं की शहरातली हॉटेलं भरतात, आणि मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला सावजी रस्सा खायचाच असतो. आमच्याकडे एरवी रोज ४ किलो कीस लागे, अधिवेशनात १० किलो. म्हणून पार वाढवली होती, आणि ते योग्यच होतं. अधिवेशन संपल्यावर मात्र ती खाली आणायला कोणाला सांगितलंच नव्हतं. थंडी होती तोवर बिघाड दिसला नाही, ऊन चढल्यावर दिसला.

केटरिंगच्या विद्यार्थ्यांना हे आकड्यांत समजावून घ्यायला हवं, कारण पेपरात पार लेव्हल आणि फर्स्ट इन फर्स्ट आउट असे दोन वेगळे प्रश्न येतात आणि दोन वेगळी उत्तरं पाठ केली जातात. आमची ऑर्डर आठवड्यातून एकदा जाई, इतवारीतून माल यायला ३ दिवस लागत, आणि २ दिवसांचा राखीव साठा ठेवायचा असं ठरलं होतं. एकूण १२ दिवस झाले. रोजचे ४ किलो धरून नेहमीची पार ४८ किलो येते, आणि अधिवेशनातले १० किलो धरून १२० किलो. पार म्हणजे हातातला माल आणि वाटेवरचा माल मिळून जिथवर पोचायचं तो आकडा.

आता नव्या पोत्याच्या मागे चला. पार ४८ असताना ऑर्डर २८ किलोची जाते. ती येईपर्यंत तीन दिवसांत १२ किलो वापरले जातात, म्हणजे नवा माल येतो तेव्हा त्याच्यापुढे ८ किलो जुना माल असतो. दोन दिवसांत तो संपतो, आणि पुढच्या सात दिवसांत नवा. कोणताही कीस नऊ दिवसांपेक्षा जास्त पडून राहत नाही. पार १२० ठेवून वापर ४ किलोवरच आला, तर नव्या मालापुढे ८० किलो जुना माल असतो. त्याची पाळी वीस दिवसांनी येते आणि त्यातला शेवटचा किलो सत्ताविसाव्या दिवशी निघतो. दोन्ही वेळा ऑर्डर २८ किलोचीच असते, त्यामुळे खरेदीची बिलं पाहून काहीच कळत नाही. पोत्यांचा क्रम कितीही शिस्तीने पाळला तरी सत्तावीस दिवसांचे नऊ होत नाहीत. रांगेत आधी कोण हे क्रम ठरवतो, रांग किती लांब हे पार ठरवते.

म्हणून मुलांना मी एक साधी तपासणी शिकवतो. हातातला साठा भागिले रोजचा वापर. जितके दिवस येतील तितका काळ आजचा नवा माल थांबणार आहे. तो आकडा त्या मालाच्या टिकाऊपणाच्या जवळ जाऊ लागला, तर पार चुकली आहे. हळदीला महिना फार नाही, पण उन्हाळ्यात किसलेल्या खोबऱ्याला आहे.

परीक्षेत हमखास चुकणारं एक गणित इथलंच आहे. पार ४८ किलो, हातात २० किलो, आधीच्या ऑर्डरपैकी १० किलो अजून यायचे. तर आज किती मागवाल? बहुतेक उत्तरांत २८ लिहिलेलं असतं. बरोबर उत्तर १८. वाटेवरचा माल विसरला की साठा दर खेपेस थोडा फुगतो, आणि कोणी पार न वाढवताही रांग लांबते.

क्रमाची बाजू सोपी आहे असं मात्र समजू नका. माल येतो तो नेमका गर्दीच्या वेळी. हमाल पोती दारातच रचून मोकळे होतात आणि जुनी भिंतीकडे दबतात. रॅक भिंतीला टेकलेला असेल तर जुना माल आधी बाहेर काढून, नवा मागे ठेवूनच पावतीवर सही करावी. दुसरी जागा याहून फसवी आहे. लग्नाच्या कामावरून उरलेला माल परत येतो आणि त्यावर परतीची तारीख पडते. स्टोअरमधला सगळ्यांत जुना माल कागदावर सगळ्यांत नवा होऊन रांगेच्या शेवटी जातो. परतीच्या मालाला त्याची मूळ तारीखच द्यावी आणि तो सर्वांत पुढे ठेवावा. पाकीटबंद मालात आणखी एक गोष्ट बघावी लागते. नंतर आलेल्या खेपेची मुदत आधी संपत असेल, तर तीच आधी काढायची. तिथे आल्याच्या तारखेपेक्षा छापील मुदत मोठी.

हिशेबाच्या पेपरातला फर्स्ट इन फर्स्ट आउट तर आणखी वेगळा. जुने १० किलो २०० रुपये भावाचे, नंतरचे २० किलो २२० चे, आणि १५ किलो दिले, तर दिलेल्या मालाची किंमत ३,१०० रुपये. हे गणित बरोबर सोडवलं तरी रॅकवरून प्रत्यक्षात कोणतं पोतं गेलं ते त्यातून कळत नाही. हिशेबनीस जुना भाव आधी लावतो, आणि खाली हमाल नवं पोतं उचलून देत असतो. दोन्हींचा मेळ घालायचा असेल तर महिन्याच्या मोजणीत किलोंबरोबर पोत्यांवरच्या तारखाही लिहाव्या लागतात.

आमच्या हॉटेलात तो कीस टाकून द्यावा लागला, पार पुन्हा ४८ वर आली, आणि उन्हाळ्यापुरता राखीव साठा एका दिवसाचाच ठेवून ती ४४ केली. तुम्ही नागपुरात स्टोअर सांभाळणार असाल, तर डिसेंबरात ज्या दिवशी पार वाढवाल, त्याच दिवशी ती खाली आणायची तारीखही तक्त्यावर त्याच ओळीत लिहून ठेवा.